आमराईतून मीटिंगच्या टेबलावर

माझा मावसभाऊ देवगडला हापूसची बाग करतो. गेल्या हंगामात त्याने इन्स्टाग्रामवर नऊ चित्रांची एक मालिका टाकली होती. बोटाने एकेक चित्र सरकवत पाहायची असते तशी. पहिल्या चित्रावर उन्हात चमकणारी आमराई आणि ‘उन्हाळा म्हणजे हापूस!’ हे शब्द. मग आजी आढी लावत असल्याचा जुना फोटो, दोन चित्रांवर सलग पसरलेलं बागेचं लांबलचक दृश्य, अस्सल हापूस ओळखण्याच्या तीन खुणा, ‘फ्रिजमध्ये नको हं!’ असा प्रेमळ दम, आमरस-पुरीचं ताट, पेटी उघडतानाचा छोटा व्हिडिओ आणि शेवटी ‘आमरसवेड्या मैत्रिणीला टॅग करा’. लोकांनी ती मालिका आवडीने पाहिली. त्याच्या घरगुती गिऱ्हाइकांपैकी बरीचशी तिथूनच आली.

यंदा त्याच्या मनात वेगळं होतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्या एप्रिल-मेमध्ये कर्मचाऱ्यांना आणि ग्राहकांना आंब्याची पेटी भेट देतात. ती एकगठ्ठा मागणी आपल्याकडे यावी म्हणून त्याने तीच नऊ चित्रं एका पीडीएफमध्ये बांधली आणि लिंक्डइनवर चढवली. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. “ताई, तिकडे कुणी बघितलंच नाही गं. बघितलं ते गावचेच.”

मी पुस्तकांची आणि माहितीपत्रकांची मांडणी करते. त्याची फाइल उघडली तेव्हा दिसायला सुंदरच होती. पण ती वाचणारा माणूस बदलला होता, आणि हे त्या फाइलला माहीत नव्हतं. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून ती पुन्हा बांधली. तेच काम इथे सविस्तर सांगते. आंब्याच्या जागी पैठणी, शिकवणी किंवा हिशेबनिशीचा व्यवसाय असला, तरी बदल याच जागी करावे लागतात.

हा कागद आहे, अल्बम नव्हे

इन्स्टाग्रामवर आपण सुटी चित्रं चढवतो. 2017 पासून एका पोस्टमध्ये दहा आणि 2024 पासून वीसपर्यंत. लिंक्डइनने 2022 मध्ये अशीच सुट्या चित्रांची सोय दिली होती, पण 2023 मध्ये काढून घेतली. आज तिथे पानं सरकवत वाचायची पोस्ट करायची असेल, तर आख्खा दस्तऐवज चढवावा लागतो. पीडीएफ, वर्ड किंवा पॉवरपॉइंट, 100 एमबीपर्यंत आणि 300 पानांपर्यंत. या गोष्टीला एक पूर्वपीठिकाही आहे. सादरीकरणाच्या फाइली लोकांना वाटण्यासाठी 2006 मध्ये ‘स्लाइडशेअर’ सुरू झालं. रश्मी सिन्हा, अमित रंजन आणि जोनाथन बूटेल हे त्याचे संस्थापक. लिंक्डइनने ते 2012 मध्ये विकत घेतलं आणि 2020 मध्ये स्क्रिब्डकडे दिलं. कचेरीतला कागद चारचौघांपुढे ठेवायची ही जुनी सवयच लिंक्डइनवरच्या दस्तऐवज पोस्टमध्ये दिसते.

कागद म्हटला की तीन गोष्टी ओघाने येतात. एक, पाहणाऱ्याला तो उतरवून घेता येतो. म्हणजे तो ईमेलला जोडला जाईल, छापला जाईल, आपल्या नावापासून सुटून तिसऱ्याच माणसाच्या टेबलावर जाईल. दोन, एकदा प्रसिद्ध झालेली फाइल बदलता येत नाही. सोबतचा मजकूर दुरुस्त करता येतो, पण पानांवरची चूक निस्तरायची तर पोस्ट काढून नव्याने टाकावी लागते आणि तोवर आलेल्या प्रतिक्रियाही तिच्यासोबत जातात. तीन, कागद स्थिर असतो. भावाचा पेटी उघडण्याचा व्हिडिओ पीडीएफमध्ये एका क्षणावर गोठला होता. कुणाचा तरी अर्धा हात आणि अर्धवट उघडलेलं झाकण, इतकंच उरलं होतं. पोस्टला लावलेलं गाणं मागेच राहिलं. दोन चित्रांवर पसरलेलं बागेचं दृश्य वेगवेगळ्या पानांवर तुटलं, आणि दुसऱ्या पानावर संदर्भ नसलेली अर्धी फांदी आली.

हे बिघाड डोळ्यांना दिसतात, म्हणून दुरुस्त करायला सोपे असतात. खरा प्रश्न वाचणाऱ्याचा होता.

पुढे पाठवणारा माणूस

इन्स्टाग्रामवर आंबा पाहणारी व्यक्ती स्वतःसाठी पाहते. तिला आवडलं की ती मागवते. कुणाला कारण द्यावं लागत नाही. लिंक्डइनवर आम्हाला गाठायची होती ती कंपनीच्या प्रशासन किंवा मनुष्यबळ विभागातली व्यक्ती. पेट्या तिच्या स्वतःच्या पैशांनी येत नाहीत. तिला वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते, लेखा विभागाला दर पटवावा लागतो, आणि पेट्या वाटल्यावर एखाद्याचा आंबा खराब निघाला तर पहिली तक्रार तिच्याकडेच येते. हा दस्तऐवज तिला आवडला म्हणून भागणार नव्हतं. तो तिला पुढे पाठवता यायला हवा होता, आणि पाठवल्यावर त्याचं समर्थनही करता यायला हवं होतं.

म्हणून मी भावाला मांडणीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते हे: “गेल्या वर्षी ज्या एक-दोन कंपन्यांना पेट्या दिल्यास, त्यांनी काय काय विचारलं होतं?”

तो झरझर बोलायला लागला. फळ कच्चं येणार की तयार? पिकवायला पावडर वापरता का? देवगडचाच आंबा कशावरून? खराब निघाला तर काय? पेटीत किती फळं आणि केवढी? आणि एक किस्सा. एका ठिकाणी पेट्या शुक्रवारी दुपारी पोचल्या. फळ जवळजवळ तयार होतं. शनिवार-रविवार ऑफिस बंद. सोमवारी दार उघडलं तेव्हा अख्ख्या मजल्यावर वास दरवळत होता आणि खालच्या थरातली फळं उतरली होती.

“हे तुझ्या नऊ चित्रांत कुठे आहे?” मी म्हटलं.

“कुठेच नाही,” तो म्हणाला. “ते व्यवहाराचं बोलणं झालं ना, ताई.”

नवा दस्तऐवज याच व्यवहाराच्या बोलण्यातून उभा राहिला. त्या पाच प्रश्नांचीच आम्ही पानं केली.

नऊ चित्रांची आठ पानं

पहिलं पान. आमराईचा फोटो गेला आणि त्याजागी एक ओळ आली: ‘ऑफिससाठी हापूसच्या 50 पेट्या मागवताना विचारायचे 5 प्रश्न’. खाली लहान अक्षरात भावाचं नाव, गाव आणि ‘आंबा बागायतदार’. लिंक्डइनवर या पानाशेजारी कुणाची नोकरी बदललेली असते, कुणाचा अहवाल असतो. त्या गर्दीत नुसती चमकणारी आमराई जाहिरातीसारखी वाटते. ‘50 पेट्या’ आणि ‘ऑफिस’ हे शब्द मात्र ज्याच्या टेबलावर ते काम आहे त्याला थांबवतात. ज्याला त्याचं काम नाही तो पुढे जातो, आणि तसं झालेलंच बरं.

दुसरं पान शुक्रवारच्या पेट्यांचं. कंपनीचा उल्लेख न करता चार वाक्यांत घडलेली गोष्ट, आणि शेवटी ‘चूक फळाची नव्हती, वेळापत्रकाची होती’. अडचण आधी सांगितली की पुढचे प्रश्न वाचायला कारण मिळतं.

तिसरं पान: फळ कोणत्या अवस्थेत येणार? इथे तीन ओळींचा तक्ता. कच्चं म्हणजे झाडावरून नुकतंच उतरवलेलं, तयार व्हायला दहा ते बारा दिवस. अर्धपिकं, तीन ते पाच दिवस. तयार, एक-दोन दिवसांत खायला हवं. तक्त्याखाली ‘आमच्या बागेतला अनुभव, उष्मा वाढला की दिवस कमी होतात’ असं लिहिलं. ही अट लिहिल्याने दावा लहान झाला, पण वाचणाऱ्याला विसंबून राहता येईल असा झाला.

चौथं पान पिकवण्याचं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी भारतात बंदी आहे. इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे. भावाकडे आढीच लावतात. गवताच्या थरांत फळं रचून पिकवतात. या पानावर तिन्ही गोष्टी एकेका वाक्यात आल्या. विकत घेणाऱ्याने बागायतदाराला नेमकं काय विचारायचं, हे त्यातून त्याला कळतं, मग तो बागायतदार आमचा असो वा दुसरा.

पाचवं पान मूळ ठिकाणाचं. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे जिल्हे. मानांकनाचा वापर करणाऱ्या बागायतदाराची नोंदणी असते. ‘नोंदणीचं प्रमाणपत्र मागा’ हा या पानाचा सल्ला. जुन्या मालिकेतल्या ‘अस्सल हापूस ओळखण्याच्या तीन खुणा’ इथून गेल्या. वास, रंग आणि देठाजवळची ठेवण या खुणा हातात फळ असलेल्या माणसासाठी असतात. पुण्यात बसून 50 पेट्यांची मागणी नोंदवणाऱ्याला त्या पडताळता येत नाहीत. त्याला कागदच मागावा लागतो.

सहावं पान साक्याचं. हापूस बाहेरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. त्याला साका म्हणतात. तो बाहेरून ओळखता येत नाही. भाऊ हे पान ठेवायला तयार नव्हता. “आपणच आपल्या मालाची खोड कशाला सांगायची?” त्याची अडचण मला कळत होती. पण आंबा खाणाऱ्या प्रत्येकाला साका कधी ना कधी भेटलेला असतो. विकत घेणाऱ्याच्या मनात हा प्रश्न आहेच, आणि तो विक्रेत्याने स्वतः मांडला तर पुढचं बोलणं भरपाईवर येतं. पान ठेवलं: ‘साका बाहेरून दिसत नाही, आम्हालाही नाही. कापलेल्या फळाचा फोटो पाठवा. तेवढी फळं बदलून देतो.’

सातवं पान हिशेबाचं. डझनाची पेटी, सरासरी 250 ग्रॅमचं फळ, म्हणजे निव्वळ तीन किलो. 50 पेट्यांचे 150 किलो. एवढा माल स्वागतकक्षात ठेवता येणार नाही. हवा खेळती असलेली, ऊन न लागणारी खोली आधी ठरवा. हे पान वाचून प्रशासनातल्या माणसाला आपली खोली डोळ्यांपुढे येते.

आठवं पान वेळापत्रकाचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. वाटप बुधवारी धरलं आणि तिथून उलटं मोजलं. मंगळवारी पेट्या पुण्यात. सोमवारी देवगडहून अर्धपिकं फळ निघतं. त्याआधी सात दिवस आढीत, म्हणजे आधीच्या सोमवारी काढणी. काढणीच्या एक आठवडा आधी मागणी पक्की. बुधवारी घरी गेलेली पेटी शुक्रवार-शनिवारी तयार होते, आणि कर्मचाऱ्याच्या घरी रविवारी आमरस होतो. खाली फोन नंबर आणि ईमेल स्पष्ट अक्षरात. पानावरची लिंक बोट लावून उघडेलच, या भरवशावर राहू नये. पत्ता वाचून टाइप करता येईल असाच छापावा.

मैत्रिणीला टॅग करा, सेव्ह करा, हे सगळं गेलं. शेवटच्या पानावर एकच विनंती राहिली: ‘वाटपाची तारीख कळवा, वेळापत्रक आखून देतो.’

व्यावसायिक सूर म्हणजे काय

मजकुराचा पहिला खर्डा भावाने केला. त्यात ‘सदर फळांच्या गुणवत्तेबाबत आम्ही कटिबद्ध असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे’ असं वाक्य होतं. ऑफिसच्या लोकांशी बोलायचं म्हणजे असंच लिहायचं, असा समज सगळीकडे आहे. पण ‘तोंडात टाकताच विरघळणारा स्वर्गीय हापूस’ आणि ‘गुणवत्तेबाबत कटिबद्ध’ या दोन्ही वाक्यांत उणीव एकच आहे. दोन्हींतून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ती वरिष्ठांना पाठवली तर वरिष्ठ काय विचारतील? किती फळं, कधी, काय दराने, आणि बिघडलं तर कोण जबाबदार. ज्या वाक्याने यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर मिळतं, ते व्यावसायिक वाक्य. मग ते साध्या बोलीत का असेना.

जुन्या मालिकेतलं एक वाक्य बदलताना आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘आमच्याकडे केमिकल अजिबात नाही!’ इन्स्टाग्रामवर ते सहज खपून गेलं होतं. मी विचारलं, “मोहोरावर फवारणी करत नाहीस?” तो म्हणाला, “करतो की. त्याशिवाय मोहोर टिकेल कसा? पण ते वेगळं.” त्याच्या मनात ‘केमिकल’ म्हणजे पिकवण्याची पावडर होती. खरेदी विभागातला माणूस मात्र ते वाक्य शब्दशः घेईल आणि सेंद्रिय प्रमाणपत्र मागेल. नवं वाक्य असं झालं: ‘फळ आढीत पिकवतो, पिकवण्यासाठी कोणतंही रसायन वापरत नाही. मोहोरावर फवारणी करतो, तिची नोंद मागितल्यास दाखवतो.’ उद्गारचिन्ह गेलं, दावा अर्धा झाला. पण आता तो उतरवून घेतलेल्या कागदावर वर्षभरानेही खरा राहील.

‘फ्रिजमध्ये नको हं!’ याचं ‘कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, ते नीट पिकत नाही’ झालं. दम जाऊन कारण आलं. भावाला एक सोपी कसोटी दिली. प्रत्येक वाक्य एखाद्या अनोळखी माणसाने मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, तर आपल्याला अवघडल्यासारखं होईल का? होत असेल, तर एक तर ते फुगवलेलं आहे किंवा पोकळ आहे.

अक्षर किती मोठं

पानाचा आकार आम्ही 1080 रुंद आणि 1350 उंच पिक्सेलचा ठेवला, इन्स्टाग्रामच्या उभ्या चित्राचाच. हे प्रमाण फोनवर भरपूर जागा घेतं, त्यामुळे इथे काही बदलावं लागत नाही. फक्त सगळी पानं एकाच मापाची हवीत. भावाच्या फाइलमध्ये काही चौकोनी आणि काही उभी होती, म्हणून मध्येच रिकाम्या पट्ट्या येत होत्या.

अक्षराचा हिशेब मात्र करून पाहावा लागतो. फोनच्या पडद्यावर हे पान साधारण एक तृतीयांश होऊन दिसतं. संगणकावर 24 मापाचं अक्षर ठसठशीत वाटतं, फोनवर ते 8 इतकं उरतं. रोमन लिपीत तेही एक वेळ चालून जाईल, पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. इतक्या बारीक आकारात ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसायला लागतात. आम्ही मजकूर 42 चा आणि मथळा 80 चा ठेवला. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडत नाही. या मापात एका पानावर चाळीसेक शब्द मावतात. त्याहून जास्त झाले तर अक्षर लहान करायचं नाही, पान वाढवायचं. खालची शंभरेक पिक्सेलची पट्टी मोकळी सोडली, कारण पानं मोजणारा आकडा आणि सरकवण्याच्या खुणा संगणकावर कडेला येतात.

कसोटी साधी आहे. फाइल स्वतःच्या फोनवर उघडायची, हात लांब धरायचा आणि दोन बोटांनी मोठं न करता वाचायची. वाचताना मान पुढे गेली, तर अक्षर कमी पडतंय.

जुन्या मालिकेत हस्ताक्षरासारखा फॉन्ट आणि पांढऱ्यावर आंबापिवळी अक्षरं होती. पिवळा आम्ही ठेवला, पण फक्त पानाच्या डाव्या कडेच्या पट्टीत. अक्षरं गडद करडी केली. फॉन्ट ‘मुक्त’ घेतला. फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’ आणि ‘कर्मचाऱ्यांना’ हे शब्द टाइप करून पाहावेत. ‘ऱ्य’मधला र नीट उमटला नाही, तर तो फॉन्ट मराठीसाठी घेऊ नये. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर मुळीच चिकटवू नये. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होण्याचा धोका असतो. पॉवरपॉइंट थेट न चढवता पीडीएफ करावी असं मी सांगते, तेही याचसाठी. पॉवरपॉइंटमध्ये फॉन्ट बदलला जाऊन जोडाक्षरं फुटू शकतात, पीडीएफमध्ये तो सोबत बांधलेला असतो. कॅनव्हामध्ये काम करत असाल तर `PDF Print` निवडावं. `PDF Standard` पेक्षा त्यात चित्रं जास्त रेखीव येतात.

चढवताना `Add a document` निवडलं की दस्तऐवजाचं शीर्षक विचारलं जातं. भावाने पहिल्यांदा तिथे फाइलचं नावच, ‘final_final2’, राहू दिलं होतं. हे शीर्षक पानांसोबत सगळ्यांना दिसतं, तेव्हा पहिल्या पानावरचीच ओळ थोडक्यात तिथे लिहावी.

सोबतच्या मजकुराला लिंक्डइन 3000 अक्षरं देतं, पण वाचणाऱ्याला आधी दोन-तीन ओळीच दिसतात; बाकीचं तो उघडेल तेव्हा. भावाने ‘नमस्कार मित्रांनो’ने सुरुवात केली होती. ती काढून शुक्रवारच्या पेट्यांचं पहिलं वाक्य वर घेतलं. पुढे चारच ओळी: हे कुणासाठी आहे, आत काय आहे, आणि वेळापत्रक शेवटच्या पानावर आहे.

पोस्ट कधी टाकायची, हेही वाचणाऱ्यावरून ठरलं. इन्स्टाग्रामवर तो एप्रिलमध्ये पोस्ट करतो, पहिली आढी उघडते तेव्हा. घरच्या गिऱ्हाइकाला तेव्हाच आंबा आठवतो. कंपनीत मात्र दरपत्रक, मंजुरी आणि मागणी यांत आठवडे जातात. एप्रिलच्या वाटपाचा कागद मार्चच्या सुरुवातीला टेबलावर असायला हवा. आम्ही तो तेव्हा टाकला.

पोचला की नाही

इथे किती लोकांना आवडलं हे मोजून फारसं कळत नाही. लिंक्डइन पोस्टच्या आकडेवारीत वाचणारे साधारण कोणत्या हुद्द्यांचे, कुठल्या शहरांतले हे दाखवतं. आधीच्या पोस्टला तिथे गाव आणि नातेवाईकच होते. या वेळी पुणे आणि मुंबई वर आले, आणि हुद्द्यांत मनुष्यबळ आणि प्रशासन दिसू लागलं. आवडल्याचे अंगठे इन्स्टाग्रामपेक्षा कितीतरी कमी होते. भाऊ आधी हिरमुसला. मी त्याला एवढंच म्हटलं, 50 पेट्यांची मागणी एकच माणूस देतो.

आठवड्याभरात एका ऑफिसातून विचारणा आली. “सहाव्या पानावर साक्याचं लिहिलंय. फोटो किती दिवसांत पाठवायचा?” भावाने मला फोन केला, आवाजात ताण. “ताई, ते आपण लिहिलंच नाही.” खरंच राहून गेलं होतं, आणि आता फाइल बदलता येणार नव्हती. आम्ही पोस्टखाली प्रतिक्रियेत लिहिलं, ‘फळ कापल्याच्या दिवशीच फोटो पाठवावा, पेटी पोचल्यापासून सात दिवसांत’, आणि पुढच्या खेपेसाठी ते पान दुरुस्त करून ठेवलं. पण मला त्या प्रश्नात दुसरंच काही दिसलं. कुणीतरी पानाचा आकडा सांगून विचारत होतं. कागद वाचला गेला होता, आणि त्यावर कुठेतरी दोन माणसं बोलली होती.

सगळ्या बदलात एक फोटो मात्र आम्ही टाकला नाही. आजी आढी लावत असलेला. इन्स्टाग्रामवर त्याखाली ‘आठवतंय का हे सगळं?’ असं होतं. आता तो चौथ्या पानावर आहे, थोडा लहान, आणि त्याखाली लिहिलं आहे: ‘गवताचा थर, त्यावर फळं न चिकटता, पुन्हा गवत. दर दोन-तीन दिवसांनी वरखाली करून तयार फळं वेगळी काढतात.’ आजीचा हात फोटोत नेमका दुसऱ्या थरावर आहे. इतकी वर्षं आम्ही तो फोटो आजीसाठी पाहत आलो. ती काय करते आहे, हे या वेळी लिहावं लागलं म्हणून पहिल्यांदा नीट पाहिलं.